केसपेपरवरचे तीन अठरा : वॉर्डातला सेप्सिस वेळेत ओळखायचा कसा?

भातलावणी आटोपत आली की आमच्याकडच्या पेपरांत एक ठरावीक बातमी दिसायला लागते. तापाने किंवा पायाच्या जखमेने दाखल झालेला माणूस दोन दिवस बरा होता, आणि तिसऱ्या दिवशी 'एकाहून अधिक अवयव निकामी झाल्याने' गेला. वाचणाऱ्याला कळत नाही की पायाच्या जखमेने मूत्रपिंड कसं बंद पडतं. घरचे म्हणतात, रात्री तर जेवली, बोलली, मग अचानक कसं?

या 'अचानक'शी माझं जुनं भांडण आहे. किनारपट्टीवरच्या रुग्णालयांत मी आधी वॉर्ड सिस्टर होते आणि नंतर नर्सिंगच्या मुलींना शिकवत आले. अशा कितीतरी रुग्णांचे केसपेपर मागाहून उलटून पाहिले. रुग्ण क्वचितच अचानक कोसळलेला असतो. सहा-आठ तास आधीपासून त्याचं शरीर सांगत असतं, फक्त ते कागदावर आलेलं नसतं.

## 'सेप्टिक झालं' म्हणजे सेप्सिस नव्हे

आपण 'जखम सेप्टिक झाली' म्हणतो तेव्हा त्यात पू झाला एवढंच सांगायचं असतं. म्हणून डॉक्टरांनी 'सेप्सिस आहे' म्हटलं की नातेवाईक जखमेकडे बघतात. जखम तर कालच्यासारखीच दिसते, मग माणूस एवढा आजारी कसा, हा प्रश्न तिथूनच येतो.

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेलं उत्तर बिथरणं, आणि त्या बिथरण्याने स्वतःच्याच अवयवांना जिवावर बेतेल इतकी इजा होणं. जगभरचे तज्ज्ञ २०१६ पासून याच अर्थाने हा शब्द वापरतात. संसर्ग कुठलाही असो, न्यूमोनिया, लघवीचा, पोटातला, बाळंतिणीचा किंवा लेप्टोचा, वाट इथेच येऊन मिळू शकते. २०१७ या एका वर्षात जगात अंदाजे ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातले सुमारे १.१ कोटी दगावले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत असं नाही. बऱ्याच रुग्णांच्या रक्तात ते सापडतच नाहीत. निदान जंतूंवरून होत नाही, अवयवांवरून होतं.

## पाटाचं पाणी

माझ्या माहेरी पोफळीची वाडी आहे. विहिरीवर पंप, तिथून पाट आणि पाटाला जागोजागी दारं. एका आळ्याचं दार उघडायचं, ते भरलं की बुजवायचं आणि पुढचं उघडायचं. असं केलं तरच टोकाच्या झाडापर्यंत पाणी पोचतं. आता सगळी दारं एकदम उघडली आणि वर खेकड्यांनी पाटाला बिळं पाडून ठेवली तर काय होईल? पंप तोच, विहीर तीच, पण पाटातलं पाणी खाली बसेल आणि टोकाची आळी कोरडी राहतील.

सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्यांचं हेच होतं. एरवी गरजेप्रमाणे आवळणाऱ्या-सैलावणाऱ्या वाहिन्या सगळीकडे सैल पडतात आणि त्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपतं. पंप जोरात चालायला लागतो, म्हणजे नाडी वाढते. शहाणा वाडीवाला अशा वेळी कडेची दारं बुजवून मधल्या झाडांना पाणी देतो. शरीरही तेच करतं. कातडी, आतडी आणि मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी करून मेंदू आणि हृदय सांभाळतं. म्हणून हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, आणि या काटकसरीवर रक्तदाब काही तास ठीक दिसत राहतो. 'बीपी चांगलं आहे' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की काटकसर अजून पुरते आहे.

श्वासाची गोष्ट याच साखळीतली आहे, पण पाटाच्या उपमेत ती बसत नाही, म्हणून सरळच सांगते. रक्त कमी पोचलं आणि पेशींचं काम बिघडलं की रक्तात आम्ल साठायला लागतं. त्यातलं एक म्हणजे लॅक्टेट. रक्त आम्लधर्मी होऊ लागलं की मेंदू फुप्फुसांना हुकूम देतो की जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाका, कारण तोही आम्लच वाढवतो. शिवाय संसर्गाची रसायनंही श्वासाच्या केंद्राला थेट डिवचतात. परिणामी श्वासाची गती वाढते. फुप्फुसं अगदी चांगली असतात, बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन ९७ टक्के दाखवतं, आणि तरी रुग्ण मिनिटाला २४ वेळा श्वास घेत असतो. ऑक्सिजनचा आकडा चांगला आहे म्हणून श्वास मोजला नाही, ही वॉर्डातली सगळ्यात महागात पडणारी बचत आहे.

## बेड नंबर ९

वर्गात शिकवताना मी एक केस वापरते. ती दोन-तीन खऱ्या रुग्णांची मिळून बनवली आहे.

वय ६४, वजन ५० किलो. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या चालू. शेताच्या मेरेवरून चालताना बांबूचा खुंट उजव्या तळपायात घुसला. चार दिवस हळद लावून काढले आणि पाय सुजून लाल झाला तेव्हा दाखल झाल्या. कातडीखालच्या ऊतींचा संसर्ग, म्हणजे सेल्युलायटिस, असं निदान. अँटिबायोटिक सुरू झालं.

दुसऱ्या दिवशीचा चार्ट असा. दुपारी ४ वाजता ताप १०१, नाडी ९२, श्वास १८, बीपी १४६/८८, ऑक्सिजन ९७. पॅरासिटामॉल दिलं. रात्री ८ वाजता ताप ९८.६, नाडी ९८, श्वास १८, बीपी १२८/७६, ऑक्सिजन ९६. खाली शेरा, 'ताप उतरला, पेशंटला आराम'. मध्यरात्री १२ ला ताप ९७.५, नाडी १०८, बीपी ११२/६४, ऑक्सिजन ९५, आणि श्वासाच्या रकान्यात पुन्हा १८.

एकेक ओळ वाचली तर काही खटकत नाही. ताप गेला, बीपी नॉर्मल, श्वास नॉर्मल. पण रकाने उभे वाचा. नाडी ९२, ९८, १०८. बीपी १४६, १२८, ११२. ऑक्सिजन ९७, ९६, ९५. सगळं एका दिशेने सरकतंय आणि एकटा श्वास १८ वर खिळून बसलाय. माणूस आजारी असताना कुठलाही आकडा आठ तास असा खिळून राहत नाही. तो न मोजता लिहिलेला असतो.

त्या रात्री ड्युटीवर आलेल्या सिस्टरना हेच खटकलं. त्यांनी तो तिसरा १८ खोडला, घड्याळ काढलं आणि पूर्ण मिनिट मोजला. श्वास २६ भरला.

## श्वास मोजायचा कसा

१८ किंवा २० लिहिणाऱ्या मुलींना मी आळशी म्हणणार नाही. रात्री एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असतात. नाडी, ऑक्सिजन आणि बीपी यंत्र सांगतं. श्वास तेवढा डोळ्यांनी मोजावा लागतो, त्याला मिनिट जातं, आणि १८ लिहिलेलं कोणी विचारत नाही. मी स्वतः नवीन असताना लिहिलेले आहेत.

मोजायची रीत सोपी आहे. 'तुमचा श्वास मोजते' असं सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी पाहिल्यासारखा हात मनगटावरच ठेवायचा आणि नजर छातीवर किंवा पोटावर. चादर जाड असेल तर ती खाली सरकवायची. मोजायचं ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चाराने गुणलं तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते, आणि आपल्याला नेमका तेवढाच फरक पकडायचा आहे.

मोजता मोजता आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं पडलेलं टोक तीन सेकंदांत पुन्हा लाल व्हायला हवं. त्याहून उशीर म्हणजे टोकाच्या आळ्याला पाणी पोचत नाही. लॅक्टेटची तपासणी छोट्या रुग्णालयात रात्री मिळेलच असं नाही, बोट मात्र प्रत्येक रुग्णाला असतं.

## आकड्यांना गुण देणं

एकेक आकडा थोडाथोडा बिघडतो तेव्हा 'फारसं काही नाही' असंच वाटतं. त्यासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये गुणांची एक पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तिला न्यूज-टू म्हणतात. श्वास, ऑक्सिजन, ऑक्सिजन लावलाय का, ताप, वरचं बीपी, नाडी आणि शुद्ध, या सात गोष्टींना ० ते ३ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. इथे गुण जितके जास्त तितका धोका जास्त.

सगळा तक्ता इथे उतरवत नाही, तो भिंतीवर लावायचा असतो. श्वासाची ओळ मात्र पाठ हवी. मिनिटाला १२ ते २० ला शून्य, २१ ते २४ ला २ आणि २५ किंवा जास्त असेल तर थेट ३. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहायचं आणि तपासणी तासातासाला करायची. ७ किंवा जास्त झाली की ती आणीबाणी. एकाच गोष्टीत ३ आले तरी तासाला तपासणी आणि डॉक्टरांना निरोप. आणि ५ किंवा जास्त गुण झालेल्या रुग्णाला संसर्ग आहे किंवा असावा असं वाटत असेल, तर 'हा सेप्सिस तर नाही?' असं स्वतःला विचारायचं.

आता बेड ९ च्या आपल्या काकींची मध्यरात्र बघा. श्वास १८ धरला तर नाडीचा १ आणि ऑक्सिजनचा १ मिळून २. म्हणजे चार-सहा तासांनी पुन्हा बघा. श्वास २६ धरला तर त्याचे ३ मिळून ५. म्हणजे डॉक्टरांना आत्ता बोलवा. सगळा फरक एका मिनिटाच्या मोजणीचा.

आणि इथेच या पद्धतीची मर्यादाही दिसते. ११२ बीपीला तक्ता शून्य देतो. पण या बाईंचं नेहमीचं बीपी दीडशेच्या आसपास. त्यांच्यासाठी ११२ म्हणजे पस्तीस-चाळीसची घसरण. तक्त्याला रुग्णाचं काल माहीत नसतं, सिस्टरला असतं. हा तक्ता १६ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना लावायचा नाही, हेही लक्षात ठेवा. त्यांचे नॉर्मल आकडेच वेगळे असतात.

## दोन फोन

सिस्टरनी बारा वाजता ऑन-कॉल डॉक्टरांना फोन केला.

"सर, त्या पायाच्या काकींचा श्वास जरा जास्त वाटतोय."
"बीपी किती?"
"एकशे बारा."
"ताप?"
"आता नाही."
"मग ठीक आहे. लक्ष ठेवा."

या फोनमध्ये कोणी खोटं बोललं नाही, पण कामाचं काहीच पलीकडे पोचलं नाही. 'जरा' आणि 'वाटतोय' हे दोन शब्द ऐकून झोपेतला माणूस कूस बदलतो, उठत नाही.

सिस्टरनी एक गोष्ट बरोबर केली. ५ गुणांना तासाने बघायचं असतं, म्हणून एक वाजता पुन्हा गेल्या. तेव्हा उशाशी बसलेली सून म्हणाली, "सिस्टर, आई कायतरीच बोलतायत ओ. गुरं सोडली का म्हणून विचारतायत. आमच्याकडं दहा वर्षं झाली, गुरं नाहीत."

श्वास २८, नाडी ११६, बीपी १०४/५८, ऑक्सिजन ९४, ताप ९६.६. गुण मांडा. श्वासाचे ३, नाडीचे २, बीपीचा १, ऑक्सिजनचा १, खाली गेलेल्या तापाचा १ आणि नव्याने झालेल्या गोंधळाचे ३. एकूण ११. यात बीपीचा वाटा एकच आहे. बीपी शंभराच्या वर असताना बाई या टप्प्याला पोचल्या होत्या.

दुसरा फोन असा होता :

"सर, फीमेल वॉर्ड, बेड ९. पेशंट आत्ता गोंधळलेली आहे, मला सेप्सिस वाटतोय. वय ६४, डायबेटिस, उजव्या पायाला सेल्युलायटिस, कालपासून अँटिबायोटिक चालू. श्वास २८, पूर्ण मिनिट मोजलाय. नाडी ११६. बीपी दुपारी १४६ होतं, आता १०४. आठला थोडी लघवी झाली, त्यानंतर नाही. शुगर बघितली, २१२ आहे. स्कोअर तासापूर्वी ५ होता, आता ११. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवंय. येईपर्यंत दुसरं इंट्राकॅथ लावते आणि कल्चरच्या बाटल्या काढून ठेवते."

डॉक्टर दहा मिनिटांत वॉर्डात होते.

या बोलण्याचा क्रम ठरलेला आहे, त्याला एसबार म्हणतात. आत्ता काय घडलंय, मागचं काय, मला काय वाटतं, आणि तुमच्याकडून काय हवंय. आमच्या मुली पहिले तीन भाग छान सांगतात आणि चौथ्याला अडखळतात. डॉक्टरांना 'आत्ता या' म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून मी तेवढंच वाक्य त्यांच्याकडून वर्गात दहादा म्हणून घेते. शुगर आधी बघितली तेही मुद्दाम. मधुमेही माणूस बरळायला लागला की साखर उतरली नाही ना, हे आधी पाहायचं असतं. डॉक्टरही तेच पहिल्यांदा विचारतात.

डॉक्टर आलेच नाहीत तर? त्याचं उत्तर त्या रात्री शोधायचं नसतं. ५ गुणांना कोणाला फोन, ७ गुणांना कोणाला, पंधरा मिनिटांत उत्तर नाही आलं तर त्यांच्या वरच्या कोणाला, हे नंबरांसह आधी लिहून ड्युटी टेबलाच्या काचेखाली असावं. प्रत्येक फोनची वेळ आणि मिळालेलं उत्तर केसपेपरवर लिहायचं. कोणाला अडकवण्यासाठी नाही, सकाळच्या पाळीला रात्र कळावी म्हणून.

## पुढच्या तासात काय झालं

दोन वेगवेगळ्या जागांवरून कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घेतलं, आणि लगेच जास्त व्यापक अँटिबायोटिक दिलं. क्रम असाच हवा, आधी रक्त मग औषध, पण रक्त घेणं जमत नसेल तर औषध थांबवायचं नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की सेप्सिसची शक्यता दाट असेल किंवा रुग्ण रक्तदाब कोसळून शॉकमध्ये असेल तर अँटिबायोटिक तासाच्या आत जावं. शॉक नाही आणि निदानाबद्दल शंका आहे, तर झटपट तपासण्या करून तीन तासांच्या आत निर्णय घ्यावा.

सलाईन म्हणून रिंगर लॅक्टेट लावलं. रक्तप्रवाह कमी पडत असताना पहिल्या तीन तासांत किलोमागे निदान ३० मिली द्यावं असं सुचवलं जातं. ५० किलोंना ते दीड लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या. डॉक्टरांनी प्रत्येक बाटलीनंतर श्वास, छातीतला आवाज, बीपी आणि बोटाचं टोक पाहिलं. हृदय अशक्त असेल तर हेच पाणी फुप्फुसांत साठतं, त्यामुळे बाटली लावून निघून जाता येत नाही. एवढ्यानेही बीपी सावरलं नसतं तर रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअॅड्रेनॅलिन लागलं असतं, आणि मग वॉर्ड पुरला नसता.

लघवीची नळी घातली तर ३० मिली गडद लघवी आली. ५० किलोंच्या माणसाला तासाला निदान २५ मिली हवी, आणि ही पाच तासांची होती. पहाटे सर्जननी पाय उघडला. तळव्यात खोलवर पू साठला होता.

## 'अँटिबायोटिक चालू होतं, मग झालंच कसं?'

नातेवाईकांचा हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर त्या तळव्यात आहे. साठलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. पू काढावा लागतो, अडलेली लघवी मोकळी करावी लागते, फुटलेलं आतडं शिवावं लागतं. दुसरं कारण म्हणजे औषध त्या जंतूला लागू नसणं. खाडीत कालवं काढताना शिंपला लागला किंवा बोटीवर माशाचा काटा घुसला, तर खाऱ्या पाण्यातले जंतू वेगळे असतात आणि त्यांची औषधंही वेगळी. म्हणून जखम कुठे झाली, हे दाखल करताना नक्की सांगा. 'पायाला लागलं' एवढ्याने भागत नाही.

## 'पण ताप तर उतरला होता'

तो पॅरासिटामॉलने उतरला होता. आणि पुढे ९६.६ पर्यंत गेला, ते बरं होणं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेहींत सेप्सिस तापाशिवायही येतो, कधी अंग थंडच पडतं. तापाच्या जोडीला आणखी एक फसवणूक आहे. बीपीसाठी अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही आणि आपण निर्धास्त होतो. श्वास मात्र बीपीच्या अशा गोळीने झाकला जात नाही. म्हणूनही मी त्याच्या मागे लागलेली असते.

## 'रक्त तपासून कळत नाही का?'

सेप्सिस आहे की नाही हे एका फटक्यात सांगणारी तपासणी आज नाही. पांढऱ्या पेशी आणि सीआरपी संसर्गाची कल्पना देतात, पण ऑपरेशननंतरही त्या वाढतात. कल्चरचं उत्तर यायला एक-दोन दिवस लागतात. लॅक्टेट उपयोगी आहे, २ च्या वर असेल तर चिंता करावी, पण ते नॉर्मल आहे म्हणून सेप्सिस नाही असं म्हणता येत नाही.

## 'प्रत्येक वेळी उठवलं तर डॉक्टर झोपणार कधी?'

ही तक्रार खोटी नाही. स्कोअर ५ आलेल्या सगळ्यांना सेप्सिस नसतो. दमा, वेदना, भीती, रक्तस्राव, हृदयाचा त्रास, कशानेही श्वास वाढतो. हा स्कोअर सेप्सिस ओळखत नाही, माणूस बिघडतोय एवढंच ओळखतो. कशाने, हे पाहणाऱ्याने ठरवायचं. त्यामुळे काही फेऱ्या फुकट जाणार. पण मध्यरात्रीची फुकट फेरी वीस मिनिटांची असते, आणि पहाटे चारला शॉकमध्ये सापडलेला रुग्ण सगळा वॉर्ड अडवतो.

आपल्याकडे आणखी एक हिशेब आहे, जो शहरातल्या पुस्तकांत नसतो. व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागलं तर रत्नागिरीकडच्या रुग्णाला बरेचदा आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं, सावंतवाडी-दोडामार्गकडचे गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जातात. गाडी मिळणं, पावसातला घाट, तिथे खाट मिळणं, यात तीन-चार तास सहज जातात. म्हणून आमच्या वॉर्डात ७ गुणांवर एक प्रश्न लगेच विचारला जावा असं माझं मत आहे : आणखी दोन तासांनी हलवावं लागलं तर आपल्याकडे काय तयार आहे? हलवायचं ठरलं तरी अँटिबायोटिकचा पहिला डोस इथेच द्यायचा. 'पुढे गेल्यावर देतील' म्हणून रिकाम्या हाताने पाठवलेला रुग्ण मी पाहिला आहे. रुग्णालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

## उशाशी बसलेल्यांसाठी

त्या सुनेने जे सांगितलं ते कुठल्याही यंत्राने सांगितलं नसतं. बाई जाग्या होत्या, हाकेला ओ देत होत्या. अनोळखी सिस्टरला त्या व्यवस्थित वाटल्या असत्या. गुरं नाहीत हे घरच्यालाच माहीत. 'नव्याने झालेला गोंधळ' ही खूण २०१७ च्या सुधारणेत तक्त्यात वेगळी घातली गेली आणि तिला पूर्ण ३ गुण दिले गेले.

इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी सेप्सिसने गेली. तिची तब्येत बिघडतेय हे आईवडील सांगत होते, पण तिला अतिदक्षता विभागात वेळेत हलवलं गेलं नाही. त्यानंतर २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत 'मार्थाचा नियम' लागू होऊ लागला. वॉर्डातले लोक ऐकत नाहीत असं वाटलं तर रुग्ण किंवा घरचे दुसऱ्या पथकाला थेट बोलावू शकतात. आपल्याकडे असा नियम नाही. पण रात्री ड्युटी टेबलापाशी जाऊन 'जरा बघा ना' म्हणण्याऐवजी नेमकं सांगता येतं : संध्याकाळपासून लघवीला गेलेल्या नाहीत, ओळखीच्या माणसाला ओळखत नाहीत, धाप लागल्यासारखा श्वास चाललाय, हातपाय गार आहेत, मी मिनिटभर मोजला तर २६ श्वास भरले. शेवटचं वाक्य ऐकून सिस्टर उठली नाही असं माझ्या पाहण्यात नाही.

काकी वाचल्या. उजव्या पायाची दोन बोटं गेली, पण तिसऱ्या आठवड्यात काठी टेकत स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या.

त्या चार्टची झेरॉक्स मी वर्गात फिरवते आणि विचारते, काय चुकलंय? मुली ताप बघतात, बीपी बघतात, अँटिबायोटिकचं नाव वाचतात. मग मी त्यांना जोड्या करून एकमेकींचा श्वास मोजायला सांगते. मिनिट संपायच्या आत मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास हात वर करतं, "मॅडम, अठरा."

तिच्या हातात घड्याळ नसतं.